८५० कोटी पेढीत, २५० कोटी मालकाकडे

सांगलीत १८३२ साली सुरू झालेल्या गाडगीळांच्या सराफीत जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या माणसाला घरबसल्या वाटेकरी होता येईल, हे पेढीच्या पहिल्या पिढीला सांगूनही पटलं नसतं. १० ते १२ सप्टेंबर २०२४ या तीन दिवसांत ते शक्य होतं. पी. एन. गाडगीळ ज्वेलर्सचा आयपीओ आला होता. एका समभागाची किंमत ४८० रुपये आणि एका लॉटमध्ये ३१ समभाग, म्हणजे १४,८८० रुपये झाले की अर्ज करता येई. (गाडगीळांच्या पेढ्या एकाहून अधिक आहेत. ही सौरभ गाडगीळांची.) गंमत म्हणजे अर्ज केला तरी पैसे कुठे जात नाहीत. ते तुमच्याच बँक खात्यात अडकून राहतात, व्याजही मिळत राहतं. समभाग मिळाले तरच रक्कम वळती होते.

पण चांगली चालणारी घरची पेढी बाजारात आणायचीच कशाला? सराफाचं दुकान भाड्याने उघडत नाही, सोन्याने उघडतं. गिऱ्हाईक यायच्या आधी काचेमागे माल मांडलेला हवा आणि तो विकला जाईपर्यंत पैसा त्यातच गुंतलेला. कंपनीला महाराष्ट्रात १२ नवी दुकानं थाटायची होती. त्यासाठी सुमारे ३९३ कोटी रुपये राखून ठेवले होते, म्हणजे दुकानामागे सरासरी तेहतीस कोटी. आणखी ३०० कोटी कर्जफेडीला. बँकेचं कर्ज परत करावं लागतं आणि धंदा मंदावला तरी व्याज थांबत नाही. भागधारकाचा पैसा परत करायचा नसतो. त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते, मालकी वाटून.

आता आकडा उघडून पाहू. आयपीओ ११०० कोटींचा होता, पण त्याचे दोन तुकडे होते. ८५० कोटींचे समभाग नव्याने काढलेले. हा पैसा कंपनीच्या खात्यात गेला. उरलेले २५० कोटींचे समभाग प्रवर्तकांपैकी एका ट्रस्टने स्वतःच्या वाट्यातून विकले. तो पैसा ट्रस्टला मिळाला, कंपनीला त्यातला एक रुपयाही नाही. कोणत्याही आयपीओत मी हाच हिशेब आधी पाहते. सगळाच आयपीओ जुन्यांच्या विक्रीचा असेल, तर आपण पैसे भरतो ते धंद्याच्या वाढीसाठी नव्हे, कुणाच्या तरी बाहेर पडण्यासाठी.

मालकीचं काय झालं? आधी साधारण ११.८ कोटी समभाग होते, जवळजवळ सगळे प्रवर्तकांकडे. नवे १.७७ कोटी आले आणि एकूण १३.५७ कोटी झाले. ट्रस्टने विकलेले ५२ लाख वजा केले, की प्रवर्तकांकडे सुमारे ८३ टक्के उरतात. सूत्रं हातातच राहिली, पण घरात परका आला. आता दर तिमाहीचा नफा-तोटा जाहीर करायचा. घरातल्याच दुसऱ्या संस्थेशी मोठा व्यवहार करायचा, तर उरलेल्या भागधारकांची मान्यता लागते आणि त्या मतदानात घरच्यांचं होकारार्थी मत मोजलं जात नाही. इतकंच काय, स्वतःचेच समभागही हवे तेव्हा विकता येत नाहीत. आयपीओनंतर काही काळ ते कुलूपबंद असतात. पुढेही तिमाही संपल्यापासून निकाल लागून ४८ तास होईपर्यंत खिडकी बंद. आतली खबर मालकाला आधी कळते, म्हणून हा बंदोबस्त.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र १७ सप्टेंबरला घडली. ४८० ला विकलेला समभाग राष्ट्रीय शेअर बाजारात ८३० रुपयांना उघडला. प्रत्येक समभागामागे ३५० रुपयांचा फरक! विकलेले समभाग २.२९ कोटी धरले, तर हा फरक सुमारे ८०० कोटींचा होतो. कंपनीला नव्या समभागांतून मिळालेल्या रकमेच्या जवळपास तेवढाच. तो ना पेढीला मिळाला, ना विकणाऱ्या ट्रस्टला. ज्यांना समभाग लागले, त्यांच्या पदरात तो पडला. भाव ४५६ ते ४८० च्या पट्ट्यात आधीच बांधलेला होता, मागणी मात्र एकूण सुमारे ५९ पट आली. भाव कमी ठेवला, असं आता म्हणणं सोपं आहे. सल्लागार बँकांना मात्र भीती उलटी असते: आयपीओ पुरेसा भरला नाही तर तो बारगळतो आणि पेढीच्या नावाला बट्टा लागतो.

छोट्या गुंतवणूकदारांच्या वाट्यालाही साधारण साडेसोळा पट अर्ज आले. अशा वेळी प्रत्येकाला थोडेथोडे वाटता येत नाहीत, कारण लॉटहून कमी देता येत नाही. मग सोडत निघते. तिथे जास्त पैसे भरल्याने नशीब उजळत नाही. दहा लॉट मागणारा आणि एक मागणारा, दोघांची चिठ्ठी सारखीच.

आयपीओने वाटणीचं काम संपलं नाही. बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान २५ टक्के समभाग लोकांकडे असायला हवेत आणि तिथवर पोहोचायला एवढ्या आकाराच्या कंपनीला बाजारातल्या नोंदणीपासून तीन वर्षांची मुदत मिळते. प्रवर्तकांना ८३ वरून ७५ वर यायला सप्टेंबर २०२७ पर्यंतचा वेळ मिळाला.