कूस बदलली आणि घर फिरलं

पहाटे उजव्या कुशीवर वळताच छत गरगरू लागतं, पोटात ढवळतं आणि अर्ध्या-एक मिनिटात सारं थांबतं. पुन्हा वळलं की पुन्हा तेच. अनेकांना हा रक्तदाबाचा किंवा मानेच्या मणक्याचा त्रास वाटतो, पण मूळ बहुधा आतल्या कानात असतं. तिथले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं हललं की ते घरंगळतात आणि मेंदूला फिरल्याचा खोटा निरोप जातो.

डॉक्टर मान वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांच्या थरथरीवरून कान व नळी ओळखतात. सहसा दोष मागच्या नळीत असतो. त्यावर अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांची पद्धत वापरतात. दोष उजवीकडे असेल तर बसून मान उजवीकडे ४५ अंश वळवायची. खांद्याखाली उशी येईल असं मागे आडवं व्हायचं, डोकं किंचित खाली. मग मान डावीकडे ९० अंश. पुढे डाव्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे. प्रत्येक स्थितीत सुमारे अर्धा ते एक मिनिट थांबायचं आणि शेवटी हळूच उठून बसायचं. कण मूळ जागी परततात. दरम्यान चक्कर येतेच, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांसमोरच करावं. मानेचा आजार असल्यास आधी सांगावं.

चक्कर सतत राहिली, बोबडी वळली, दोन-दोन दिसू लागलं किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावं.