भरलेला कर दिसत का नाही? चलानाच्या पाच आकड्यांची गोष्ट

मंडळी, मागच्या वेळी अंजनगाव सुर्जीतल्या एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, कर भरला, पावती हातात आहे, तरी नोटीस आली. काहून?" आज तेवढंच पाहू.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. निवृत्त शिक्षक आहेत. व्याजाच्या उत्पन्नावर 18,400 रुपये कर निघाला. त्यांनी 12 जुलै 2024 ला तो स्वयंनिर्धारण कर म्हणून भरला आणि दोन दिवसांनी विवरणपत्र दाखल केलं. पावतीवर चलान क्रमांक होता 04721, विवरणपत्रात लिहिला गेला 04271. पुढे कलम 143(1) ची सूचना आली, 18,400 रुपये बाकी म्हणून.

आता हे कसं होतं? भरणा ही एक नोंद, ती बँकेकडून खात्याकडे जाते. विवरणपत्रातला दावा ही दुसरी नोंद, ती तुम्ही लिहिता. दोन्ही एकाच पैशाबद्दल आहेत हे आपल्याला कळतं; यंत्र मात्र खुणा जुळवतं. खुणा अशा : बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरण्याची तारीख, पाच आकडी चलान क्रमांक आणि रक्कम. चलान क्रमांक शाखेत रोज नव्यानं सुरू होतो, म्हणून तो एकटा पुरेसा नाही. तिन्ही मिळून चलानाची ओळख होते. पावतीवर बँकेचा संदर्भ क्रमांकही असतो, आणि घाईत नेमका तोच उचलला जातो.

मग चूक कुठे आहे हे कसं ओळखायचं? सूचनेत दोन रकाने असतात, तुम्ही सांगितलेलं आणि खात्यानं मोजलेलं. स्वयंनिर्धारण करासमोर पहिल्यात 18,400 आणि दुसऱ्यात शून्य असेल, तर AIS उघडा. तिथे भरणा त्याच निर्धारण वर्षात दिसला, तर पैसा पोहोचला आहे, चूक तुमच्या लिहिण्यात आहे. वर्षच चुकलं असेल तर चलान दुरुस्ती करावी लागते. भरणा मुळीच दिसत नसेल तर पावती घेऊन बँकेत जावं.

आपल्या शिक्षकांचा भरणा AIS मध्ये होता. अशा वेळी पोर्टलवर कलम 154 ची दुरुस्ती मागायची, त्यात `Tax Credit Mismatch Correction` निवडायचं आणि चलानाचा तपशील AIS वरून जसाच्या तसा भरायचा. शिवाय थकीत मागणीला `Disagree with demand` असं उत्तर देऊन चलानाचा तपशील जोडायचा.

दोन गोष्टी मात्र करू नका. घाबरून पुन्हा कर भरू नका. पहिला पैसा खात्यातच पडून आहे. आणि सूचना तशीच ठेवूनही देऊ नका. तीस दिवसांनंतर बाकीवर दरमहा एक टक्का व्याज लागू शकतं, आणि पुढच्या वर्षीचा परतावा त्याच न दिलेल्या बाकीपोटी वळता होऊ शकतो. दुरुस्तीला आदेशाचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षं मुदत असते, पण व्याज तितकं थांबत नाही.

म्हणून विवरणपत्र पाठवण्याआधी पावती समोर ठेवा आणि पाचही आकडे मोठ्यानं वाचा. शून्यासकट.