दारू सुटलेल्या पेशंटचे पहिले तीन दिवस

जनरल मेडिसिनच्या वॉर्डात दारू सोडण्यासाठी क्वचितच कुणी दाखल होतं. पेशंट येतो पायाच्या सेल्युलायटिससाठी, न्यूमोनियासाठी, पोटदुखीसाठी. दारू मात्र दाखल झाल्या क्षणी बंद होते, आणि पुढच्या तीन दिवसांत मूळ आजारापेक्षा हेच जास्त जिवावर बेतू शकतं.

एक नमुन्यादाखल केस घेऊ. पेशंट ४६ वर्षांचा. डावा पाय सुजून लाल झालाय, म्हणून सोमवारी संध्याकाळी दाखल. रोज व्हिस्कीच्या दोन क्वार्टर, म्हणजे साधारण १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जेवण नावापुरतं. शेवटचा घोट सोमवारी सकाळी नऊला. बायको सांगते, दोन वर्षांपूर्वी दारू बंद केली तेव्हा घरीच फिट आली होती.

घड्याळ कुठून सुरू करायचं

दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं हा दाब राहिला की मेंदू उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू अचानक थांबली की दाब जातो आणि उत्तेजना उरते. म्हणून घड्याळ दाखल झाल्यापासून नाही, शेवटच्या घोटापासून लावायचं. साधारण सहा तासांनी हात थरथरू लागतात, घाम येतो. फिट आली तर बहुधा ६ ते ४८ तासांत येते. डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भान हरपणं, नसलेलं दिसणं, ताप आणि धडधड, हे सहसा ४८ ते ९६ तासांत सुरू होतं. आपल्या पेशंटसाठी ही वेळ बुधवारी सकाळी सुरू होते, जेव्हा पाय सुधारतोय म्हणून सगळे निर्धास्त असतात.

स्कोअर कसा घ्यायचा

सर्वांत रुळलेलं मोजमाप सीवा-एआर. त्यात दहा बाबी असतात: मळमळ, थरथर, घाम, चिंता, चुळबूळ, डोकेदुखी, स्पर्शाचे, आवाजाचे आणि दृष्टीचे भास, आणि वेळ-स्थळाचं भान. भानाला ० ते ४ गुण, बाकी प्रत्येकाला ० ते ७, एकूण ६७. थरथर पाहायची तर दोन्ही हात समोर ताणून बोटं फाकवायला सांगायचं. स्पर्शाच्या भासासाठी सरळ विचारायचं, ‘अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं का?’

रात्री नऊला आपल्या पेशंटचे गुण असे: थरथर ४, चिंता ४, घाम ३, चुळबूळ २, मळमळ २, डोकेदुखी १. बेरीज १६. भान पक्कं, भास नाहीत. साधारण ८ ते १० च्या खाली सौम्य, १५ च्या वर तीव्र, असं धरतात.

पण हा स्कोअर निदान करत नाही, हे माझ्या मते सगळ्यात जास्त विसरलं जातं. घाम, थरथर आणि चुळबूळ रक्तातली साखर उतरल्यावरही दिसते, सेप्सिसमध्येही दिसते, पडून डोक्याला मार लागला असेल तरीही. म्हणून आधी साखर, ऑक्सिजन, ताप आणि डोकं तपासायचं. शिवाय दहापैकी बऱ्याच बाबी पेशंटच्या उत्तरांवर चालतात. जो बरळतोय त्याला ‘चिंता वाटते का’ विचारून आलेला आकडा निरुपयोगी. तिथे गुंगी-उत्तेजनेची मोजपट्टी वापरायची आणि सीनियरना बोलवायचं.

डायझेपाम किती आणि केव्हा

बेन्झोडायझेपाइन दारूने सोडलेली जागा तात्पुरती भरून काढतं. डोस ठरवायचे दोन मार्ग. एक, ठरलेल्या वेळी ठरलेली गोळी, रोज कमी करत. दुसरा, लक्षणं विशिष्ट गुणांवर गेली तरच डोस. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या पद्धतीत औषधोपचार मध्यकाने ९ तासांत संपला, पहिल्या पद्धतीत ६८ तास लागले. औषधही चौथ्या हिश्श्याइतकंच लागलं. पण ही पद्धत वेळेवर स्कोअर घेणाऱ्या सिस्टरवर उभी असते. एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतील तर ठरलेल्या वेळची पद्धत जास्त सुरक्षित, असं मी ठामपणे म्हणेन.

आपल्या वॉर्डात स्कोअर १० किंवा वर असेल तर डायझेपाम १० मिलीग्रॅम तोंडाने, आणि तासाने पुन्हा स्कोअर, असं ठरलंय. नऊला १६, गोळी दिली. दहाला १४, दुसरी. अकराला १०, तिसरी. बाराला ६, थांबलो. मग दर चार तासांनी स्कोअर. मंगळवारी सकाळी आठला १२, चौथी गोळी, नऊला ७. पहिल्या चोवीस तासांत एकूण ४० मिलीग्रॅम. याला पूर्वी फिट आलेली असल्यामुळे स्कोअर कमी असता तरी पहिला डोस दिलाच असता.

डायझेपाम लिव्हरमध्ये मोडतं आणि त्याचे घटकही बराच काळ काम करत राहतात. त्यामुळे उतार आपोआप हळूहळू होतो. पण कावीळ किंवा पोटात पाणी असेल तर तेच औषध साचून पेशंट गाढ झोपतो. तिथे लोराझेपाम, कारण ते खराब लिव्हरलाही बऱ्यापैकी झेपतं. तोंडाने १० मिलीग्रॅम डायझेपामच्या जागी साधारण २ मिलीग्रॅम लोराझेपाम. प्रत्येक डोसआधी श्वासाची गती पाहायची. पेशंट झोपाळलेला असेल तर डोस थांबवायचा, स्कोअर काहीही सांगो.

दारू सुटल्याची फिट आली तर लोराझेपाम शिरेतून. फेनिटॉइन या फिट रोखत नाही. आणि नुसतं हॅलोपेरिडॉल देऊन शांत करू नये; त्याने फिट येणं सोपं होतं.

थायमिन स्कोअरची वाट पाहत नाही

मेंदूला ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं. रोज पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, म्हणून सुरुवात गोळीने नव्हे, इंजेक्शनने. प्रतिबंधासाठी दिवसाला २०० ते २५० मिलीग्रॅम, तीन ते पाच दिवस. सवयीने लावलेल्या डीएनएसच्या बाटलीत ग्लुकोज असतं, त्यामुळे थायमिन तिच्याआधी किंवा तिच्यासोबत जायला हवं. मात्र साखर उतरली असेल तर ग्लुकोज एक मिनिटही अडवायचं नाही. सलाईन पिवळं करणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शनवर भरवसा ठेवण्याआधी त्यात थायमिन किती आहे ते लेबलवर वाचावं. एका इंजेक्शनात बहुधा पुरेसं नसतं.

बुधवारी सकाळी आपल्या पेशंटचा स्कोअर ५. हात शांत, बोलणं ठीक. पण संडासला जाताना पाय फाकून, भिंत धरून चालला. बाजूला बघायला सांगितलं तर बुबुळं झटके देत होती. हे डायझेपाममुळेही होऊ शकतं, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. डोस कमी करू, उद्या बघू, असं म्हणत एक दिवस गेला आणि ती वेर्निकेची सुरुवात असली, तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. गोंधळ, डोळ्यांच्या हालचाली आणि चाल, ही तीनही लक्षणं एकत्र थोड्यांनाच दिसतात. त्यामुळे कुपोषण, डोळे, चाल, आणि गोंधळ किंवा विस्मरण, या चारांपैकी दोन आढळली की उपचार सुरू करायचा. याच्यात तीन आहेत.

उपचाराचा डोस वेगळा: ५०० मिलीग्रॅम, १०० मिलीलीटर सलाईनमध्ये अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस. सुधारणा दिसली तर पुढे रोज २५०. सोबत मॅग्नेशियम तपासायचं, कारण ते कमी असेल तर दिलेलं थायमिन काम करत नाही. डोळे लवकर सुधारतात, चालीला आठवडे लागतात.

घरच्यांसाठी

हे सगळे डोस वॉर्डातल्या देखरेखीखालचे आहेत, घरी करून पाहण्याचे नाहीत. घरच्यांनी एवढंच करावं. तुमचा माणूस कोणत्याही कारणाने दाखल होत असेल, तर शेवटची दारू कधी घेतली, रोज किती घेतो आणि पूर्वी फिट आली होती का, या तीन गोष्टी कुणी विचारायची वाट न पाहता, लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.