शहाळं नेण्याआधी एक प्रश्न

मैत्रिणींनो, घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात कुणाला भेटायला निघालो की आपला हात आधी शहाळ्याकडे जातो. ताप, अशक्तपणा असेल तर शहाळं चांगलंच. पण पेशंट डायलिसिसवर असेल तर तेच घातक ठरू शकतं.

कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. एका शहाळ्यात केळ्याइतकं, कधी जास्तच. ते लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. ते थकलं की पोटॅशियम रक्तात साठतं, हातपाय गळतात, ठोके चुकतात, हृदय बंदही पडू शकतं. शिवाय अशा पेशंटला पाणीही मोजून देतात. केळी, मोसंबीचा रस, खजूर यांचंही तसंच.

समजा, गटातल्या ताईंचे यजमान डायलिसिसवर आहेत. मग निघण्यापूर्वी ताईंना फोन करून विचारा, "डॉक्टरांनी काय चालतं म्हटलंय?" बहुधा एखादं छोटं सफरचंद किंवा पेर चालतं. फरसाण, वेफर्स नकोत. मिठाने तहान वाढते. बिनमिठाच्या साळीच्या लाह्या विचारून न्या. मधुमेह असेल तर फळाचं प्रमाणही विचारा. ऑपरेशन व्हायचं असेल किंवा नुकतंच झालं असेल, तर सिस्टरनी सांगेपर्यंत घोटभर पाणीसुद्धा देऊ नका. आणि काहीच चालत नसेल, तर रात्रभर उशाशी बसणाऱ्या ताईंसाठी पोळीभाजीचा डबा न्या. त्यांच्या जेवणाकडे कुणाचं लक्ष नसतं.