कार्यालयाला काय कळवावे?

घरातील कर्त्या माणसाचे अकस्मात निधन झाले की दुसऱ्याच दिवशी त्याच्या व्यवस्थापकांचा फोन येतो : ‘सहकाऱ्यांना ईमेल पाठवायचा आहे, काय लिहू?’ माझ्या एका वृद्ध रुग्णावर मुलाच्या मृत्यूनंतर हा प्रसंग आला. मी त्यांना सांगितले, मृत्यूचे कारण सहकाऱ्यांना कळवण्याचे बंधन आपल्यावर नाही. शवविच्छेदनाचा अहवाल येण्यापूर्वी ‘हृदयविकाराचा झटका’ असे लिहिणे हा केवळ तर्क ठरतो, आणि एकदा पसरलेला तर्क पुढे अहवालानेही पुसला जात नाही.

व्यवस्थापकांच्या मसुद्यात ‘ते आता आपल्यात नाहीत’ असे होते. यातून नोकरी सोडल्याचाही अर्थ निघतो, म्हणून ते बदलले. अखेरचा ईमेल असा होता : ‘आपल्या सहकाऱ्याचे काल रात्री आकस्मिक निधन झाले. कृपया कोणीही घरी फोन करू नये. अंत्यविधीची वेळ कुटुंबीयांच्या संमतीने कळवू.’ शेजारी बसणाऱ्या दोघांना ही वार्ता त्यापूर्वीच फोनवरून सांगितली गेली.

असा फोन आल्यास वृद्ध आईवडिलांनी स्वतः उत्तर देऊ नये. एका नातेवाइकाला नेमावे आणि मसुदा वाचून दाखवल्याशिवाय संमती देऊ नये.