सामाईक फ्रीज : रविवारी काय ठेवावे, काय टाकावे

विद्यानगरपासून उस्मानिया विद्यापीठ जवळ, त्यामुळे शिकणारी आणि नव्याने नोकरीला लागलेली आपली बरीच मुलेमुली इथे वसतिगृहात किंवा चार-पाच जणांत फ्लॅट घेऊन राहतात. खोल्या वेगळ्या असल्या तरी फ्रीज एकच असतो. ‘दर रविवारी फ्रीज साफ होईल, जुने अन्न टाकले जाईल’ अशी चिठ्ठी दारावर लागते आणि दुसऱ्याच आठवड्यात भांडण होते. ‘जुने’ म्हणजे किती दिवसांचे, हे त्या चिठ्ठीत नसते. तो हिशेब आम्ही इथे मांडत आहोत.

फ्रीजमध्ये अन्न बिघडणे थांबत नाही, फक्त मंदावते. तेही आतले तापमान ५ अंशांच्या खाली असेल तर. म्हणून भाजी, वरण, मटण-चिकन असे शिजवलेले पदार्थ शिजवल्यापासून ३ दिवसांत संपवावेत. भाताला मात्र १ दिवसच द्यावा. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारे हे विष पुन्हा गरम केल्याने किंवा फोडणी दिल्यानेही जात नाही. तेव्हा भात पसरट भांड्यात लवकर निववून, २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. वास चांगला येतो म्हणजे अन्न चांगले आहे, असे धरू नये.

डब्यावर चार गोष्टी लिहाव्यात : नाव, पदार्थ, शिजवल्याची तारीख आणि ‘कधीपर्यंत’ची तारीख. नुसता वार लिहू नये, कारण गेल्या आठवड्यातला शुक्रवार आणि परवाचा शुक्रवार सारखाच दिसतो. साधा कागद ओलाव्याने सुटतो, म्हणून कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहावे. ती पट्टी डब्यालाच लावावी, कारण झाकणांची अदलाबदल होते.

आता एक उदाहरण घेऊ. रविवार आहे, १२ तारीख. फ्रीजमध्ये पाच वस्तू आहेत. १० तारखेचे वरण १३ पर्यंत चालेल, ते राहू द्यावे. १० च्या रात्रीचा भात ११ लाच संपायला हवा होता, तो टाकावा. ८ तारखेच्या चिकनची मुदत ११ ला संपली, तेही टाकावे. चौथा डबा गावाहून आलेल्या पुरणपोळ्यांचा. त्यावर नाव आहे, तारीख नाही. इथेच वाद होतो. ज्याचा डबा त्याला शनिवारी रात्री विचारावे. रविवारी सकाळपर्यंत तारीख लिहिली गेली नाही, तर डबा रिकामा करावा. पाचवी वस्तू इन्सुलिन. औषधाला हा नियम लागू नाही, त्याला कोणी हात लावू नये. लोणचे, तूप, लोणी, कच्ची भाजी यांचेही मालकानेच पाहावे. १३ तारखेचे वरण मात्र पुढच्या रविवारची वाट पाहत ठेवू नये, ते त्याच दिवशी मालकाने काढावे. रविवारची फेरी ही राहून गेलेल्यांसाठी आहे.

सफाईला अर्धा तास पुरतो. आधी प्लग काढावा. कप्पे बाहेर काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुवावेत आणि कोरडे करावेत. दाराच्या रबराच्या घड्या ओल्या फडक्याने पुसाव्यात, तिथे काळी बुरशी धरते. मग दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे आणि थंडी बाहेर जात आहे. परत भरताना कच्चे मांस-मासे बंद डब्यात सर्वांत खाली ठेवावेत, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्याच्या अन्नावर ठिबकत नाही.

शेवटी फ्रीजच्या मागे पाहावे. पुष्कळ फ्रीजना तिथे पाणी साठणारा ट्रे असतो आणि त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. २०२० साली हैदराबादेत ‘दर रविवारी दहा वाजता दहा मिनिटे’ अशी साचलेले पाणी काढण्याची मोहीम निघाली, तीही याच हिशेबाने. पाणी नुसते ओतू नये. अंडी कडेला चिकटलेली असतात, त्यामुळे ट्रे घासावा.

दारावर लावण्यासाठी मजकूर असा :

‘सफाई दर रविवारी सकाळी १० वाजता. शिजवलेले अन्न ३ दिवस, भात १ दिवस. मुदत संपलेले व तारीख नसलेले अन्न टाकले जाईल. डबा धुऊन ओट्यावर ठेवला जाईल. औषधे हलवली जाणार नाहीत. या आठवड्याची पाळी : ______’