काळ्या कुत्र्याचं चित्र काढून घेताना

एआयला नुसतं ‘काळ्या कुत्र्याचं सुंदर चित्र’ असं सांगितलं, की बहुधा गुळगुळीत, प्लास्टिकचा कुत्रा मिळतो. काळ्या केसांचा पोत दिसतो तो त्यांच्यावरच्या चकाकीमुळे. म्हणून प्रॉम्प्टमध्ये उजेड नीट सांगावा लागतो. गावठी काळूसाठी मी असं लिहीन:

‘काळा गावठी कुत्रा, आखूड दाट केस, मानेवर किंचित लांब. डावीकडच्या खिडकीतून मऊ, तिरका उजेड. दोन्ही डोळ्यांत वर डावीकडे खिडकीचं एकेक प्रतिबिंब. एक कान ताठ, दुसरा दुमडलेला. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून मान तिरकी केलेली. मागे साधी राखाडी भिंत.’

भिंत काळी नको, कानांची कड तिच्यात बुडते. ‘खेळकर’ एवढंच लिहूनही भागत नाही. कान, मान काय करतात ते सांगावं.

चित्र आलं की डोळे मोठे करून पाहा. एकातला ठिपका डावीकडे, दुसऱ्यातला उजवीकडे असेल तर नजर तिरळी वाटते. अशा वेळी फक्त उजेडाचं वाक्य दुरुस्त करा. आणि चेहरा आपल्याच काळूचा हवा असेल, तर त्याचा स्पष्ट फोटो सोबत जोडा. नुसत्या शब्दांतून त्याच्यासारखा दुसराच कुत्रा मिळतो.